टाळता आलं असतं ते नुकसान

करार मोडणाऱ्याने समोरच्याचे नुकसान भरून द्यावे, हा करार कायद्याचा पाया आहे. पण भरून द्यायचे म्हणजे किती, हा प्रश्न आला की याच कायद्यात एक अट आडवी येते. करार मोडल्यानंतर नुकसान सोसणाऱ्याने हातपाय हलवायला हवेत. साध्या, वाजवी उपायाने जे नुकसान टाळता आले असते ते टाळले नाही, तर तेवढी रक्कम करार मोडणाऱ्याकडून मागता येत नाही. वकील याला नुकसान कमी करण्याचे कर्तव्य म्हणतात.

भारतात हा नियम १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे. कलमाचा मुख्य भाग सांगतो की करारभंगातून ओघानेच होणारे नुकसान, किंवा असे होईल हे करार करताना दोन्ही पक्षांना ठाऊक असलेले नुकसान, भरून मिळते. त्याच्या शेवटी एका वाक्याचे स्पष्टीकरण जोडलेले आहे. करार पाळला न गेल्याने झालेली अडचण दूर करण्याचे जे मार्ग उपलब्ध होते, ते नुकसान मोजताना विचारात घेतलेच पाहिजेत, असे ते म्हणते. एवढ्या एका वाक्यावर गेली दीडशे वर्षे खटले लढले गेले आहेत.

या कलमाखाली कायदा करणाऱ्यांनी उदाहरणेही दिली आहेत. त्यातले एक मुंबईचे आहे. एका माणसाने दुसऱ्याचे जहाज भाड्याने ठरवले. जहाजाने १ जानेवारीला मुंबईला यायचे, माल भरायचा आणि तो कलकत्त्याला पोचवायचा. जहाज मुंबईला आलेच नाही. पण माल नेण्यासाठी तितक्याच फायद्याच्या दराने दुसरी सोय मिळत होती आणि माल पाठवणाऱ्याने ती केली. त्यापायी त्याला जी धावपळ करावी लागली आणि जो खर्च आला, तेवढा त्याला जहाजमालकाकडून मिळतो. संपूर्ण मालाची किंमत, कलकत्त्याला बुडालेला नफा वगैरे काही नाही, कारण ते नुकसान झालेलेच नाही. त्याने दुसरे जहाज शोधले नसते आणि माल मुंबईच्या बंदरावर सडू दिला असता, तरी हिशोब याहून फार वेगळा झाला नसता. जहाजमालकाने एवढेच दाखवायचे की दुसरे जहाज त्याच भावात मिळत होते.

'कर्तव्य' म्हटल्यावर काहीजणांचा गैरसमज होतो. हे कर्तव्य पाळले नाही म्हणून कुणी दावा लावू शकत नाही, की त्याबद्दल दंडही होत नाही. कॉफी बोर्डाच्या लिलावातून निघालेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये हे स्पष्ट केले. या तत्त्वामुळे करार मोडणाऱ्याला कोणताही हक्क मिळत नाही. भरपाई ठरवताना न्यायालयाने ध्यानात ठेवायची ती गोष्ट आहे. द्राक्षे वेलीवर सुकू द्यायची असतील तर बागाईतदाराला तसे करता येते, त्याला कुणी अडवणार नाही. फक्त ती सुकल्याचे बिल दुसऱ्याच्या नावे फाडता येत नाही.

द्राक्षांचेच उदाहरण घेऊ. हे कल्पित आहे, पण नाशिक, सांगलीकडच्या कुणाला ते अनोळखी वाटणार नाही. एका बागाईतदाराने व्यापाऱ्याशी १०० क्विंटल द्राक्षांचा सौदा केला, दर क्विंटलला ४,००० रुपये. तोडणीचा दिवस ठरला, टोळी बागेत आली आणि त्याच सकाळी व्यापाऱ्याने फोन करून माल उचलणार नाही असे सांगितले. करार मोडला तो त्या क्षणी. टोळीची त्या दिवसाची मजुरी ८,००० रुपये फुकट गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात माल घेत असलेला दुसरा व्यापारी बागेत आला, माल पाहिला आणि ३,४०० रुपयांचा दर बोलला. बागाईतदाराने तो नाकारला. ठरलेल्या दरापेक्षा सहाशे रुपये कमी का घ्यायचे, फरक पहिल्या व्यापाऱ्याकडून कोर्टात वसूल करू, असा त्याचा विचार. बारा दिवस गेले. पाऊस झाला, मणी तडकले, आणि उरलेला सगळा माल बेदाण्यासाठी १,५०० रुपयांनी द्यावा लागला.

बागाईतदाराच्या दृष्टीने हिशोब सरळ आहे. मिळायचे होते ४ लाख, हातात पडले दीड लाख, वर टोळीचे ८ हजार गेले. म्हणजे एकूण २ लाख ५८ हजारांचे नुकसान. कोर्टाचा हिशोब वेगळा असेल. दुसऱ्याच दिवशी माल ३ लाख ४० हजारांना जात होता. तो विकला असता तर नुकसान ६० हजारांवर थांबले असते. टोळीची मजुरी धरून ६८ हजार. एवढे पहिल्या व्यापाऱ्याने द्यायचे. त्यावरचे १ लाख ९० हजार पावसाने आणि वाट पाहण्याच्या निर्णयाने गेले, ते बागाईतदाराच्या खात्यावर.

हे ऐकायला कठोर वाटते. करार मोडला व्यापाऱ्याने आणि फटका बसला बागाईतदाराला. पण कायद्याचा विचार असा आहे की दुसऱ्या दिवसानंतर माल न विकण्याचा निर्णय व्यापाऱ्याचा नव्हता. पाऊस येण्याची जोखीम बागाईतदाराने स्वतः पत्करली. पाऊस आला नसता आणि दर वाढून ४,५०० झाला असता, तर त्याने जादाचे पैसे व्यापाऱ्याला परत दिले नसते. मग उलट झाले तर तो खड्डा व्यापाऱ्याने का भरावा? सट्टा एकाने खेळायचा आणि हरला की पैसे दुसऱ्याने द्यायचे, हे कलम ७३ ला मान्य नाही.

याच उदाहरणात एक गोष्ट बदलून पाहिली की नियमाचा गाभा कळतो. समजा दुसरा कोणताही व्यापारी आलाच नाही, पेठेतही माल जाईना, आणि बारा दिवसांनी बेदाण्याचाच एक मार्ग उरला. तेव्हा तो अख्खा अडीच लाखांचा फरक पहिल्या व्यापाऱ्याकडूनच येतो, कारण टाळण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता. नियम पाहतो तो नुकसान किती मोठे झाले हे नाही, ते थांबवण्याची संधी हातात होती की नाही हे.

आणखी एक बदल. माल टिकवायला म्हणून बागाईतदाराने तो तोडून शीतगृहात ठेवला, त्यावर २० हजार खर्च केले, आणि तरीही दर उतरला. पण त्या दिवशीच्या परिस्थितीत शहाणा माणूस असेच वागला असता, तर ते २० हजारही भरपाईत धरले जातात. नुकसान कमी करण्याचा वाजवी प्रयत्न फसला तरी त्याचा खर्च वसूल होतो. या तत्त्वाची ही दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही आणि वकिलांनाही ती दाव्यात मांडायची कधीकधी आठवत नाही. खरे तर अशा प्रयत्नाची पावती ही दाव्यातली सर्वांत बळकट कागदपत्रे असतात.

माल बाजारात मिळतो किंवा विकला जातो अशा करारात नियम आणखी थेट लागतो. विकणाऱ्याने माल दिला नाही, तर घेणाऱ्याने तो बाजारातून घ्यावा आणि दरातला फरक मागावा. घेणाऱ्याने माल नाकारला, तर विकणाऱ्याने बाजारात विकावा आणि फरक मागावा. म्हणून करारभंगाच्या दिवसाचा, त्या ठिकाणचा बाजारभाव हे मोजमाप ठरते. प्रत्यक्ष खरेदी-विक्री केली नाही तरी हेच मोजमाप लागते, कारण करता आली असती.

मोजमाप चुकल्याने सगळा दावा कसा बुडतो याचा नमुना म्हणजे १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेला मुरलीधर चिरंजीलाल यांचा खटला. कानपूरच्या विक्रेत्याने कॅनव्हास कापड एक रुपया वार दराने विकायचे ठरवले होते. ऑगस्ट १९४७ मध्ये माल कलकत्त्याच्या रेल्वे पावतीने द्यायचा होता, कानपूरहून कलकत्त्याचे भाडे खरेदीदाराकडे. कलकत्त्याचे बुकिंग बंद असल्याचे सांगून विक्रेत्याने करार रद्द केला. करार मोडला, हे ठरले. पण खरेदीदाराने पुरावा दिला तो कलकत्त्याच्या बाजारभावाचा. न्यायालयाचे म्हणणे असे की माल कानपूरला मिळायचा होता, म्हणून बदली माल कानपूरच्या बाजारातून घ्यायला हवा होता, आणि तिथला त्या दिवसाचा दर दाखवायला हवा होता. माल कलकत्त्याला पुन्हा विकण्यासाठीच घेतला जात होता, हे विक्रेत्याला माहीत असल्याचेही सिद्ध झाले नाही. कानपूरचा दर पुराव्यात नाही, तर नुकसान किती हेच कळत नाही. दावा फेटाळला गेला. करारभंग सिद्ध होऊनही खरेदीदाराच्या हाती काही लागले नाही.

याच निकालात न्यायालयाने दोन तत्त्वे शेजारी-शेजारी मांडली. पहिले, करार पाळला असता तर माणूस ज्या स्थितीत असता, तिथे पैशाने शक्य तेवढे त्याला नेऊन ठेवावे. दुसरे, पण त्याने नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी सर्व वाजवी पावले उचलावीत, आणि त्या हयगयीतून झालेला भाग त्याला मागता येणार नाही. हे सूत्र भारतीय न्यायालयांनी लंडनच्या एका जुन्या खटल्यातून घेतले, त्याकडे पुढे येऊ.

करारभंगाच्या दिवसानंतर काय झाले याने फरक पडतो का? रंगूनचा एक खटला याचे उत्तर देतो. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश भारतात होता आणि तिथेही १८७२ चाच करार कायदा लागू होता. एका खनिज तेल कंपनीचे शेअर्स विकायचा करार होता. डिसेंबर १९११ च्या अखेरीस खरेदीदाराने शेअर्स घेतले नाहीत. त्या दिवशीचा बाजारभाव करारातल्या भावापेक्षा बराच खाली होता. फरक सुमारे १ लाख ९ हजार रुपये. विक्रेत्याने शेअर्स हातात ठेवले आणि भाव वर चढल्यावर विकले, त्यामुळे त्याचे प्रत्यक्ष नुकसान सुमारे ८० हजारांवर आले. खरेदीदार म्हणाला, मी ८० हजारच देईन. प्रिव्ही कौन्सिलने ते मान्य केले नाही. नुकसान करारभंगाच्या दिवशी ठरले. त्यानंतर शेअर्स ठेवणे ही विक्रेत्याची स्वतःची जोखीम होती. भाव घसरला असता तर तो वाढीव तोटा खरेदीदारावर टाकता आला नसता, तसाच चढला तेव्हाचा नफाही खरेदीदाराला मागता येत नाही. द्राक्षबागाईतदाराला जो नियम बोचतो, तोच नियम या विक्रेत्याच्या बाजूने उभा राहिला.

मग लंडनच्या भुयारी रेल्वेचा खटला वेगळा का गेला, हा प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत हमखास अडवतो. चेल्सीतल्या लॉट्स रोड वीजगृहासाठी ब्रिटिश वेस्टिंगहाऊस कंपनीने आठ वाफेची टर्बाइन्स पुरवली. ती कराराबरहुकूम नव्हती आणि कोळसा जास्त खात होती. रेल्वेने काही वर्षे ती चालवली, मग काढून टाकून पार्सन्स बनावटीची टर्बाइन्स बसवली. नवी यंत्रे इतकी काटकसरी निघाली की मूळची यंत्रे कराराप्रमाणे असती, तरीही ती बदलण्यात रेल्वेचा फायदाच होता. रेल्वेने नव्या यंत्रांची किंमत वेस्टिंगहाऊसकडे मागितली. १९१२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, लॉर्ड हॉल्डेन यांच्या निकालपत्रात, नकार दिला. यंत्रे बदलणे हाच नुकसान टाळण्याचा उपाय होता आणि त्या उपायातूनच बचत झाली. म्हणून ती बचत हिशोबात धरायला हवी. जुनी यंत्रे चालवली तेवढ्या काळात जादा जळलेल्या कोळशाचे पैसे रेल्वेला मिळाले, पण नव्या यंत्रांची किंमत बचतीत फिटून गेली होती.

रंगूनमध्ये नफा करारभंगातून आला नव्हता, विक्रेत्याने नंतर स्वतंत्रपणे केलेल्या गुंतवणुकीतून आला होता. लंडनमध्ये तो करारभंगाने निर्माण झालेली अडचण सोडवतानाच आला. दोन्ही निकालांतली रेषा इथे आहे. ती प्रत्येक वेळी इतकी ठळक नसते, आणि ती कुठे ओढायची यावर वकिलांची बरीच फी खर्च होते.

करार मोडणाऱ्यानेच पुन्हा नवा प्रस्ताव दिला तर? हा प्रसंग व्यवहारात वारंवार येतो आणि माणसाचा स्वाभिमान त्यात आडवा येतो. १९१७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका व्यापाऱ्याने रेशमी कापडाची मोठी मागणी नोंदवली, हप्त्याहप्त्याने माल आणि महिन्याच्या उधारीवर पैसे. पहिल्या हप्त्याचे पैसे उशिरा पोचले. खरेदीदाराकडे पैसे नाहीत असा विक्रेतीने चुकीचा समज करून घेतला आणि उधारीवर पुढे माल देणार नाही, रोख द्या तर देते, असे कळवले. हा करारभंगच होता. खरेदीदाराने रोखीचा प्रस्ताव झिडकारला. तोवर रेशमाचे भाव चढले होते. नव्या चढ्या भावातला सगळा फरक त्याने मागितला. १९१९ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की रोखीने माल घेणे त्याला परवडत होते आणि ते वाजवी होते. व्यापारी व्यवहारात अशा वेळी प्रस्ताव स्वीकारणे हेच सामान्यपणे शहाणपणाचे ठरते. त्याला उधारीची सवलत गेल्याचे नुकसान मिळाले, भाववाढीचे नाही.

पुन्हा द्राक्षबागेत आलो तर, पहिला व्यापारीच तिसऱ्या दिवशी परत येऊन ३,७०० रुपये रोख देतो म्हणाला असता, तर बागाईतदाराला तो दर बहुतेक घ्यावा लागला असता, आणि उरलेले क्विंटलमागे ३०० रुपये वेगळे मागता आले असते. पण व्यापारी म्हणाला असता, "३,७०० देतो, पण आधीच्या सौद्याचा सगळा वाद मिटला असे लिहून द्या," तर मात्र नकार देणे वाजवी ठरते. नुकसान कमी करण्यासाठी भरपाईचा हक्कच सोडावा अशी अपेक्षा कायदा करत नाही. शिवाय जो व्यापारी फसवतो आहे असे मानायला खरे कारण आहे, त्याच्या शब्दावर पुन्हा विसंबण्याची सक्तीही नाही.

वाजवी म्हणजे काय, यावर न्यायालये नुकसान सोसणाऱ्याच्या बाजूने बऱ्यापैकी उदार आहेत. १९२५ मध्ये काही ठकांनी खोटी अधिकारपत्रे दाखवून लंडनच्या वॉटरलो छापखान्याकडून पोर्तुगालच्या ५०० एस्कुडोच्या नोटा छापून घेतल्या. नोटांवर वास्को द गामाचे चित्र होते, आणि छपाई खऱ्या नोटांच्याच साच्यावर झाल्याने त्या दिसायला अस्सल होत्या. प्रकरण उघडकीस आल्यावर बँक ऑफ पोर्तुगालने त्या मालिकेतल्या सगळ्याच नोटा, खऱ्या आणि बनावट, बदलून देण्याचे जाहीर केले. छापखान्याचा बचाव असा की तपासून फक्त खऱ्याच बदलायच्या होत्या, बँकेने उगाच तोटा वाढवला. १९३२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने हा बचाव फेटाळला. देशाच्या चलनावरचा लोकांचा विश्वास डळमळत असताना बँकेने घाईत घेतलेला निर्णय नंतर निवांतपणे बारीक तराजूत तोलायचा नसतो. ज्याने दुसऱ्याला खड्ड्यात ढकलले, त्याने बाहेर येण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता होता यावर टीका करत बसू नये, असे लॉर्ड मॅकमिलन यांचे मत होते. छापखान्याला ६ लाख १० हजार पौंडांहून अधिक द्यावे लागले.

या उदारपणालाही कडा आहेत. नुकसान टाळण्यासाठी कुणी आपली पत, नाव किंवा दुसऱ्या व्यवहारातले संबंध धोक्यात घालावेत अशी अपेक्षा नसते. भलत्याच तिसऱ्या माणसावर किचकट आणि बेभरवशाचा दावा लावून आधी तिथून पैसे वसूल करा, असेही कुणी सांगू शकत नाही. एका सॉलिसिटरच्या हयगयीमुळे सदोष मालकीहक्काचे घर विकत घेणाऱ्या माणसाला मूळ विक्रेत्यावर दावा लावण्याची गरज नाही, असे इंग्लंडमध्ये १९५३ मध्ये ठरले. आणि दुसरा माल घेण्यासाठी पैसेच नसतील, तर ज्याच्या करारभंगामुळे ही वेळ आली तो "तुम्ही का घेतला नाही?" असे म्हणू शकत नाही, हा विचार आता बळावला आहे. लहान शेतकरी आणि लघुउद्योजकांच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा, कारण त्यांच्याकडे पर्याय कागदावर असतात, हातात नसतात.

एक महत्त्वाची जागा अशी आहे जिथे हा नियम लागत नाही. दावा नुकसानभरपाईचा नसून ठरलेल्या रकमेच्या थकबाकीचा असेल, तर नुकसान कमी केले का हा प्रश्न येत नाही. कर्ज घेतलेला माणूस "बँकेने माझ्याऐवजी दुसऱ्याला पैसे दिले असते तर बरे झाले असते" असे म्हणू शकत नाही. या भेदाचे टोक १९६१ च्या स्कॉटलंडच्या एका खटल्यात दिसते. गॅरेजमालकाने कचराकुंड्यांवर जाहिरात लावण्याचा तीन वर्षांचा करार केला आणि त्याच दिवशी तो रद्द करतो असे कळवले. जाहिरात कंपनीने ते मानले नाही, तीन वर्षे जाहिराती लावल्या आणि पूर्ण रक्कम मागितली. हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ती दिली. करार संपल्याचे मान्य न करता आपला भाग पुरा केल्याने रक्कम थकबाकी ठरली होती. आपला भाग पार पाडण्यात खरे हितच नसेल तर असे करता येणार नाही, अशी पुस्ती लॉर्ड रीड यांनी जोडली. नको असलेल्या जाहिराती तीन वर्षे लावून पैसे मागणे हे नुकसान कमी करण्याच्या सगळ्या विचाराच्या विरुद्ध आहे, आणि हा निकाल आजही अनेकांना पटत नाही. पटू नये असाच तो आहे.

नोकरीच्या करारातही हा नियम बोलतो, पण वेगळ्या आवाजात. बेकायदा काढून टाकलेल्या माणसाने दुसरी नोकरी शोधावी अशी अपेक्षा असते, मात्र हलक्या दर्जाची नोकरी घ्यावी अशी नाही. महाराष्ट्रातल्या एका अध्यापक विद्यालयातील शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थकीत वेतनाबाबत मार्ग सांगितला. आपण दुसरीकडे कमाईची नोकरी करत नव्हतो एवढे कर्मचाऱ्याने मांडायचे. मग ती तशी नोकरी करत होती हे दाखवण्याचे ओझे मालकावर जाते. बाजारातल्या मालासारखी नोकरी दुसऱ्या दिवशी मिळत नाही, हे न्यायालय ओळखून आहे.

पुराव्याचे ओझे कुणावर, हा प्रश्न एरवीही महत्त्वाचा आहे. नुकसान झाले आणि ते इतके झाले, हे दावा करणाऱ्यानेच सिद्ध करायचे असते. कानपूरच्या खटल्यात तेच राहिले. त्यातले काही टाळता आले असते असे करार मोडणाऱ्याचे म्हणणे असेल, तर कोणता उपाय उपलब्ध होता आणि तो का केला नाही, हे दाखवायची जबाबदारी सामान्यतः त्याच्यावर येते. नुसते "तुम्ही प्रयत्न केला नाही" असे म्हणून भागत नाही. द्राक्षांच्या उदाहरणात दुसरा व्यापारी ३,४०० ने घेत होता हे पहिल्या व्यापाऱ्याला साक्षीपुराव्याने उभे करावे लागेल, आणि बागाईतदाराने नकार दिलेला मेसेज मोबाइलमध्ये राहिला असेल तर ते फारसे कठीण नाही.

विक्रेत्याच्या ताब्यात तयार माल पडून असेल, तर मालविक्री कायदा, १९३० याच्या कलम ५४ ने एक सोपी वाट घालून दिली आहे. नाशवंत माल असेल तर पैसे न मिळालेला विक्रेता तो लगेच दुसऱ्याला विकू शकतो. टिकाऊ माल असेल तर खरेदीदाराला फेरविक्रीची नोटीस द्यायची, वाजवी मुदत थांबायचे आणि मग विकायचा. त्यानंतरचा तोटा खरेदीदाराकडून वसूल होतो. नोटीस न देता विकला, तर फेरविक्रीचा तोटा मागता येत नाही. उलट त्यात नफा झाला असेल तर तो खरेदीदाराचा होतो. म्हणून नोटीस पोचल्याची पोच, बाजार समितीतल्या त्या दिवसाच्या दराची प्रत, काटापट्टी, आलेल्या आणि नाकारलेल्या दरांची नोंद आणि नवी विक्री झाल्याची हिशोबपट्टी, एवढे कागद करारभंगाच्या दिवसापासूनच वेगळ्या पाकिटात जमवत राहावेत.